शून्य कुठे ठेवायचं? दिशाभूल करणाऱ्या आलेखांवरील प्रश्नोत्तरांची प्रस्तावना

आलेखांनी होणाऱ्या दिशाभुलीवर एक सादरीकरण झालं आणि त्यानंतर श्रोत्यांनी जे प्रश्न विचारले ते उत्तरांसह या पुस्तिकेत एकत्र केले आहेत. श्रोत्यांत वर्तमानपत्राची पानं लावणारे उपसंपादक होते, गणित आणि भूगोल शिकवणारे शिक्षक होते, संस्थांचे वार्षिक अहवाल तयार करणारी मंडळी होती. पडद्यावर एकामागून एक चित्रं दाखवली गेली. कुठे अक्ष मधूनच सुरू झालेला, कुठे सोयीची तेवढीच वर्षं उचललेली, कुठे किरकोळ फरकाचा राईचा पर्वत केलेला. सादरीकरण संपल्यावर बहुतेकांना एकच साधा नियम हातात हवा होता: अक्ष शून्यापासून सुरू करायचा, म्हणजे झालं, असंच ना?

असं नाही. पुढच्या पानांत कुठे ‘इथे शून्य हवंच’ असं उत्तर सापडेल, तर कुठे ‘इथे शून्यानेच घोटाळा केला’ असं. वरवर वाचणाऱ्याला ही उत्तरं एकमेकांच्या विरोधात वाटतील. ती तशी नाहीत, हे आधी सांगून टाकावं म्हणून ही प्रस्तावना जरा लांबली आहे. सगळ्या उत्तरांमागचं सूत्र थोडक्यात असं: अक्षाची सुरुवात आणि शेवट ठरवताना आपण ‘या विषयात केवढा फरक महत्त्वाचा’ याबद्दल एक विधान करत असतो. ते विधान खरं आहे की नाही हे चित्रकलेच्या नियमांवरून ठरत नाही, त्या विषयाच्या माहितीवरून ठरतं.

सर्वांत जास्त प्रश्न ज्या चित्रावर आले ते आपल्या रोजच्या खिशाशी संबंधित आहे. १० सप्टेंबर २०१८ रोजी इंधन दरवाढीच्या निषेधार्थ काँग्रेसने भारत बंद पुकारला होता. त्याच दिवशी भारतीय जनता पक्षाने समाजमाध्यमांवर पेट्रोलच्या भावाचा एक स्तंभालेख टाकला. त्यात दिल्लीतले चार भाव होते. १६ मे २००४ला लिटरला ३३.७१ रुपये, १६ मे २००९ला ४०.६२, १६ मे २०१४ला ७१.४१ आणि १० सप्टेंबर २०१८ला ८०.७३ रुपये. स्तंभांच्या मध्ये वाढीचे टक्के दिले होते: २०.५, ७५.८ आणि १३. पहिले तीन स्तंभ चढत गेलेले होते. चौथा मात्र, ज्यावर ८०.७३ लिहिलं होतं, तो ७१.४१च्या स्तंभापेक्षा बुटका काढलेला होता आणि १३ टक्क्यांचा बाण खालच्या दिशेने होता.

‘पण यातला एकही आकडा खोटा नव्हता, मग चूक कशात?’ हा त्यावरचा पहिला प्रश्न. तो बरोबर आहे. टक्केवारीही नीट काढलेली आहे, ८०.७३ला ७१.४१ने भागून पाहा, १.१३ येतं. चूक अशी की स्तंभाची उंची भाव दाखवते असं वाचणारा गृहीत धरतो, आणि इथे उंचीने भाव दाखवलेलाच नाही. चित्र काढणाऱ्याला म्हणायचं होतं की भाववाढीचा वेग कमी झाला. ते म्हणणं मांडता येतं, पण त्यासाठी वेगाचा आलेख काढायला हवा. चार तारखांमध्ये कालखंड तीनच पडतात. म्हणून स्तंभ तीनच काढायचे, २०.५, ७५.८ आणि १३ टक्क्यांचे, आणि अक्षावर ‘भावातील वाढ, टक्के’ असं लिहायचं. त्या आलेखात शेवटचा स्तंभ बुटका दिसला असता आणि ते रास्त ठरलं असतं. इथे मात्र आकडे भावाचे लिहिले आणि आकार वेगाचा दिला. वाचणाऱ्याच्या मनात उरलं ते ‘भाव उतरला’, आणि भाव तर लिटरमागे ९ रुपये ३२ पैशांनी चढला होता.

शाळेतल्या आलेखाच्या कागदावर हाच आलेख काढून पाहावा. कोपऱ्यात नेहमीप्रमाणे प्रमाण लिहायचं: १ सेमी = १० रुपये. स्तंभ येतात साधारण ३.४, ४.१, ७.१ आणि ८.१ सेंटिमीटरचे. चौथा सर्वांत उंच, तिसऱ्याहून जवळपास एक सेंटिमीटर जास्त. वेगाबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. पहिले दोन कालखंड पाच-पाच वर्षांचे आहेत आणि तिसरा चार वर्षं चार महिन्यांचा. टक्क्यांचा आलेख काढला तरी हे त्याखाली लिहिणं भाग आहे, नाहीतर वाचणारा तिन्ही कालखंड सारखेच समजेल.

आता स्तंभ आणि शून्य यांचं नातं पाहू. स्तंभात आपण लांबी वाचतो. एक स्तंभ दुसऱ्याच्या दुप्पट लांब दिसला की आकडाही दुप्पट आहे असं डोळा ठरवून मोकळा होतो, अक्षावरचे आकडे वाचायच्या आधीच. म्हणून स्तंभाचा पाया शून्यावर असावा लागतो. पाया कापला की लांब्यांचं परस्परप्रमाण मोडतं, मग अक्षावरचे आकडे कितीही ठळक छापा.

याचं पाठ्यपुस्तकी उदाहरण अमेरिकेतलं आहे. २०१२मध्ये तिथे जॉर्ज बुश यांच्या काळातल्या करसवलती संपणार की नाही यावर वाद चालू होता. त्या संपल्या तर उत्पन्नावरच्या कराचा सर्वांत वरचा दर ३५ टक्क्यांवरून ३९.६ टक्क्यांवर जाणार होता. फॉक्स बिझनेस वाहिनीने दोन स्तंभांचा आलेख दाखवला आणि त्याचा अक्ष ३४पासून सुरू केला. एका टक्क्याला एक सेंटिमीटर धरलं तर पहिला स्तंभ १ सेंटिमीटरचा होतो आणि दुसरा ५.६ सेंटिमीटरचा. म्हणजे पडद्यावर कर साडेपाच पटींहून जास्त वाढलेला दिसतो, आणि प्रत्यक्षात दर १३ टक्क्यांनी वाढतो.

एडवर्ड टफ्टी यांनी १९८३च्या आपल्या पुस्तकात अशा फुगवट्याला मोजायची एक रीत दिली आहे. चित्रात दिसणारा बदल टक्क्यांत काढायचा, आकड्यांतला खरा बदल टक्क्यांत काढायचा आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. उत्तर १च्या जवळ आलं तर चित्र प्रामाणिक. इथे दिसणारी वाढ १ सेंटिमीटरवरून ५.६, म्हणजे ४६० टक्के. खरी वाढ सुमारे १३.१ टक्के. भागाकार ३५च्या आसपास येतो. पट्टी आणि गणकयंत्र असलं की कुणालाही हे काढता येतं, आणि छापलेल्या आलेखाच्या बाबतीत तर दोन मिनिटांचंही काम नाही.

यावर हमखास आलेली हरकत अशी: ‘अक्षावर ३४ स्पष्ट लिहिलं होतं. वाचणाऱ्याने न वाचणं हा आलेख काढणाऱ्याचा दोष कसा?’ शिक्षकांनी त्यात भर घातली की अक्ष मधून सुरू करताना मूळबिंदूजवळ नागमोडी खूण करायची हे आम्ही मुलांना शिकवतोच. ती केली की भागतं ना? या दोन्ही शंकांवर प्रत्यक्ष प्रयोग झालेले आहेत. मायकेल कॉरेल, एन्रिको बर्टिनी आणि स्टीव्हन फ्रँकोनेरी यांनी २०२०मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अक्ष तुटल्याच्या खुणा असलेले आलेखही लोकांना दाखवले. खूण असो वा नसो, कापलेल्या अक्षावरचा फरक लोकांना जास्त मोठा वाटला. २०२१मध्ये ब्रेंडा यांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पाऊल पुढे जाऊन लोकांना कापलेल्या अक्षाबद्दल आधीच समजावून सांगितलं. त्याने परिणाम कमी झाला, पण गेला नाही. तेव्हा खूण जरूर करावी, ती शिस्त आहे, पण तिच्यामुळे स्तंभाची लांबी खरी होत नाही.

मग दुसरी अडचण समोर येते आणि ती खरी आहे. ३५ आणि ३९.६ हे स्तंभ शून्यापासून काढले, अक्ष ४०पर्यंत नेला आणि आलेखाची उंची ८ सेंटिमीटर ठेवली, तर स्तंभ येतात ७ आणि ७.९२ सेंटिमीटरचे. नऊ मिलिमीटरचा फरक. ‘हा कुणाला दिसणार? आणि ज्याला तो कर भरायचा आहे त्याच्यासाठी हा फरक लहान आहे का?’ असं एका उपसंपादकांनी विचारलं, आणि माझ्या मते सगळ्या चर्चेतला तो सर्वांत चांगला प्रश्न होता. वरच्या टप्प्यात ज्याचं दहा लाख डॉलर उत्पन्न येतं त्याला या बदलाने ४६ हजार डॉलर जास्त भरावे लागतील. हे लहान म्हणता येत नाही. पण ते दाखवायचं असेल तर ४६ हजार हा आकडा द्यावा, किंवा फरकाचाच आलेख काढावा. स्तंभ कापून दराची पाचपट करू नये. शिवाय दोनच आकड्यांसाठी आलेख लागतोच असं नाही. ‘३५ टक्क्यांवरून ३९.६ टक्क्यांवर’ हे वाक्य कोणत्याही चित्रापेक्षा नेमकं आहे.

स्तंभांची शिस्त ही अशी. रेषेचं प्रकरण वेगळं आहे, कारण रेषालेखात डोळा लांबी मोजत नाही. बिंदूची जागा आणि चढ-उतार पाहतो. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४मध्ये याच गोष्टीचा अभ्यास मांडला होता: समान अक्षावरच्या जागा माणूस सर्वांत अचूक वाचतो, लांबी त्याखालोखाल, कोन आणि क्षेत्रफळ त्याहून कमी. जागा वाचायची असेल तर शून्य चित्रात असण्याची सक्ती उरत नाही. रुग्णालयात खाटेजवळ लावलेला तापाचा तक्ता आठवा. तो शून्य अंश फॅरनहाइटपासून सुरू केला तर ९८.६ आणि १०३ या दोन नोंदी जवळपास एका रेषेत येतील आणि रोग्याला ताप आहे की नाही हेच कळेनासं होईल. तापात चार अंश म्हणजे खूप, हे वैद्यकाला ठाऊक आहे आणि तक्त्याची मोजपट्टी त्या माहितीवर बेतलेली आहे.

नेमकं हेच उलट बाजूने केलेलं एक उदाहरण सादरीकरणात होतं. डिसेंबर २०१५मध्ये नॅशनल रिव्ह्यू या अमेरिकी नियतकालिकाने पृथ्वीच्या सरासरी तापमानाचा १८८०पासूनचा आलेख ट्विटरवर टाकला आणि हवामान बदलावरचा एवढा एकच आलेख पाहायची गरज आहे असं त्यासोबत म्हटलं. त्याचा उभा अक्ष उणे १० अंश फॅरनहाइटपासून ११० अंशांपर्यंत होता. म्हणजे १२० अंशांची उंची, आणि त्यात सव्वाशेहून अधिक वर्षांत झालेली वाढ दीड अंशाच्या आसपास. आलेखाच्या एकूण उंचीचा ऐंशीवा भाग. रेषा सपाट दिसली यात नवल नाही. इथे अक्ष कापलेला नव्हता, शून्यही चित्रात होतं, आणि तरीही दिशाभूल झाली.

का झाली? पहिलं कारण, फॅरनहाइटचं शून्य ही माणसाने सोयीने ठरवलेली खूण आहे. शून्य रुपये म्हणजे काहीच पैसे नाहीत, पण शून्य अंश म्हणजे उष्णता नाही असा अर्थ होत नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. ११० अंश हे एखाद्या गावातल्या उन्हाळ्यातल्या दुपारचं तापमान असू शकतं, पण साऱ्या पृथ्वीच्या वार्षिक सरासरीचं नाही. ती सरासरी फार थोडी हलते. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, उत्तर अमेरिका आणि युरोपचा मोठा भाग बर्फाखाली असताना, ती आजच्यापेक्षा साधारण पाच-सहा अंश सेल्सिअसने कमी होती. म्हणजे या विषयात एक अंश ही मोठी गोष्ट आहे. नासाचे तापमानाचे आलेख म्हणूनच वेगळ्या तऱ्हेने काढलेले असतात. त्यांत १९५१ ते १९८० या तीस वर्षांच्या सरासरीला शून्य धरतात आणि प्रत्येक वर्ष त्याच्या किती वर वा खाली आहे ते दाखवतात. तिथलं शून्य अभ्यासातून आलेलं आहे.

त्यामुळे ‘रेषालेखाचा अक्ष कुठून कुठपर्यंत?’ या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक विषयात वेगळं येतं, पण शोधायची वाट एकच. ती राशी एरवी वर्षभरात किंवा दशकात किती हलते, आणि कोणत्या टप्प्याला पोचली की व्यवहारात काही बदलतं, या दोन गोष्टी विचारायच्या. त्या दोन्ही अक्षावर मावल्या पाहिजेत आणि त्यांच्या मानाने आजचा फरक केवढा ते दिसलं पाहिजे.

उभ्या अक्षावर एवढी चर्चा झाली की आडव्या अक्षाकडे लक्ष जात नाही, आणि सोयीचा कालखंड निवडण्याचा खेळ तिथेच चालतो. पुन्हा पेट्रोलच घेऊ. मे २०१४चे ७१.४१ रुपये ही सुरुवात धरली तर सप्टेंबर २०१८पर्यंतची वाढ १३ टक्के. पण मधल्या काळात जगभर कच्चं तेल कोसळलं होतं आणि फेब्रुवारी २०१५च्या सुरुवातीला दिल्लीत पेट्रोल ५६.४९ रुपयांपर्यंत खाली आलं होतं. तिथून मोजलं तर वाढ जवळपास ४३ टक्के भरते. शेवट तोच, आकडे सगळे खरे, सुरुवात नऊ महिन्यांनी पुढे सरकवली आणि १३चे ४३ झाले. दोन बाजूंचे दोन प्रवक्ते आपापला आलेख घेऊन समोरासमोर बसले तर दोघांनाही खोटं ठरवता येणार नाही.

यावर उपाय आहे, आणि तो वापरायला कोणतंही तंत्र लागत नाही. मांडलेल्या निष्कर्षाची सुरुवातीची तारीख मागेपुढे करून पाहायची. तारीख वर्षभराने हलवली तरी निष्कर्ष टिकला तर तो दमदार. तारीख हलताच कोसळला, तर तो निष्कर्ष पेट्रोलबद्दल कमी आणि तारखेबद्दल जास्त सांगतो. सर्वांत चांगलं म्हणजे चार निवडक तारखांऐवजी महिन्यागणिकची पूर्ण रेषा काढावी. मग उतार आणि चढ दोन्ही दिसतात आणि कुठून मोजायचं हे वाचणारा स्वतः ठरवतो.

पेट्रोलच्या चित्राला उत्तर म्हणून काँग्रेसनेही आपलं चित्र फिरवलं आणि त्यात कच्च्या तेलाचे जागतिक भाव घातले. त्यावरून ‘दोन अक्षांचे आलेख चालतात का?’ असा प्रश्न आला. डाव्या अक्षावर रुपये प्रतिलिटर आणि उजव्या अक्षावर डॉलर प्रतिपिंप घेतले, तर दोन्ही रेषा कुठे एकमेकींना छेदतील हे सर्वस्वी काढणाऱ्याच्या हातात असतं. त्या छेदबिंदूला काहीही अर्थ नसतो, आणि बघणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते. त्यापेक्षा मे २०१४च्या दोन्ही भावांना १०० मानावं. मग सप्टेंबर २०१८मध्ये पेट्रोल ११३वर येतं. भारत घेतो ते कच्चं तेल मे २०१४मध्ये १०५ डॉलरच्या वर होतं आणि सप्टेंबर २०१८मध्ये ७८च्या आसपास, म्हणजे ते ७३च्या जवळ येतं. पण तेल आपण डॉलर देऊन घेतो आणि तेवढ्या काळात डॉलर सुमारे ५९ रुपयांवरून ७२वर गेला होता. रुपयांत मोजलं तर कच्चं तेल ९०च्या जवळपास राहतं. त्यात लिटरमागचं केंद्राचं उत्पादन शुल्क ९.४८ रुपयांवरून १९.४८वर गेलेलं होतं. आता कुठे चित्र समजू लागतं. यातली एकच रेषा उचलून दाखवणारा कुणीही, कोणत्याही पक्षाचा असो, वाचणाऱ्याला अर्धीच गोष्ट सांगतो.

लहान फरक फुगवण्याचा आणखी एक प्रकार पुस्तिकेत जास्त पानं घेतो, कारण तो निवडणुकीच्या दिवसांत दर आठवड्याला भेटतो. समजा एका मतदारसंघात १,००० जणांना विचारलं आणि ४४ टक्के एका उमेदवाराकडे, ४२ टक्के दुसऱ्याकडे झुकले. स्तंभालेखाचा अक्ष ४०पासून सुरू केला की एक स्तंभ दुसऱ्याच्या दुप्पट. अक्ष शून्यापासून सुरू केला तर दोन्ही जवळजवळ सारखे. इथे शून्यवाला आलेख बरा आहे, पण खरी गोष्ट तोही सांगत नाही. हजार जणांच्या नीट निवडलेल्या नमुन्यात प्रत्येक टक्केवारी तीन टक्के इकडेतिकडे असू शकते, आणि दोघांमधल्या अंतराची अनिश्चितता तर त्याच्या दुपटीच्या जवळ जाते, कारण एकाचं मत सहसा दुसऱ्याच्या खात्यातून वजा होतं. म्हणजे दोन टक्क्यांच्या आघाडीभोवती सहा टक्क्यांचं धुकं आहे. या पाहणीवरून कोण पुढे आहे हे सांगताच येत नाही. स्तंभाच्या टोकावर ही तीन-तीन टक्क्यांची रेघ काढली की दोन्ही रेघा एकमेकींवर चढलेल्या दिसतात आणि मथळ्यातलं ‘आघाडी’ मागे घ्यावं लागतं. अशी रेघ नसलेला पाहणीचा आलेख अक्ष कुठूनही सुरू करो, अपुराच असतो.

शेवटी प्रत्येक वेळी हेतूचा विषय निघतो. ‘हे मुद्दाम केलं होतं का?’ आलेखावरून माणसाचं मन वाचता येत नाही, पण काही खुणा सापडतात. एक्सेलमध्ये आकडे देऊन स्तंभालेख काढला की अक्षाची सुरुवात एक्सेल स्वतः ठरवतं. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातलं अंतर मोठ्या आकड्याच्या एक षष्ठांशापेक्षा कमी असेल तर ते शून्य सोडून देतं आणि अक्ष वरून कुठून तरी सुरू करतं. ३५ आणि ३९.६ यांत अंतर आहे ४.६, आणि ३९.६चा सहावा हिस्सा ६.६. म्हणजे हे आकडे एक्सेलला दिले असते तर त्यानेही पाया कापलाच असता, साधारण बत्तीस-तेहेतीसच्या आसपास. कितीतरी अहवालांतले फसवे स्तंभ असेच तयार झालेले असतात. कुणी फसवलेलं नसतं, फक्त कुणी `Format Axis` उघडून `Minimum`च्या चौकटीत `0` भरलेलं नसतं.

पेट्रोलच्या स्तंभांचं तसं नाही. ३३.७१ ते ८०.७३ या आकड्यांत अंतर एवढं मोठं आहे की एक्सेलने अक्ष शून्यावरच ठेवला असता. आणि अक्ष कुठेही ठेवला तरी ८०.७३चा स्तंभ ७१.४१च्या स्तंभापेक्षा बुटका कोणतंही आकडेमोडीचं साधन काढणार नाही. तो आकार आकड्यांवरून आलेला नाही, हाताने दिलेला आहे. तो का दिला हे देणाऱ्यालाच माहीत. पण वाचणाऱ्याला एवढा भेद करता आला तरी पुष्कळ झालं: काही चुका यंत्राच्या सवयीने होतात आणि काही यंत्राला बाजूला सारल्याशिवाय होतच नाहीत.

पुस्तिकेतल्या प्रत्येक आलेखाशेजारी त्याचे मूळ आकडे छापले आहेत ते याचसाठी. उत्तर वाचण्याआधी आलेख स्वतः काढून पाहावा. स्तंभ असतील तर शून्यापासून, रेषा असेल तर त्या विषयात जेवढी हालचाल अर्थपूर्ण आहे तेवढ्या मोजपट्टीवर, कालखंड हाती आहे तेवढा पूर्ण, आणि कोपऱ्यात प्रमाण. पेट्रोल, कर, मतदान यांच्यासाठी लागणारी माहिती वर्तमानपत्र वाचणाऱ्याकडे असते. भूजलाची पातळी, बालकांचं वजन, रक्तातली साखर असे आकडे समोर आले की ती नसते, आणि तिथे दोन एकक म्हणजे खूप की थोडं हे आलेख काढणाऱ्याने अंदाजाने ठरवू नये. ते भूजलवाल्याला, अंगणवाडी ताईला, डॉक्टरला विचारावं आणि मगच अक्षावर पहिला आकडा लिहावा.